स्क्रीनशॉटमधलं नाव-नंबर बदलायचंय? मग आधी स्क्रीन बदला, स्क्रीनशॉट नंतर घ्या

मागे एका ट्युटोरियलसाठी मी एका ॲपचा स्क्रीनशॉट घेतला होता, त्यात ओळखीच्या एका बाईंचा मोबाइल नंबर दिसत होता, म्हणून फोनच्याच एडिटरमध्ये जाऊन काळ्या पेनने त्यावर दोनतीनदा गिरगटलं आणि दिलं टाकून. संध्याकाळी एकाचा मेसेज आला, "ताई, ब्राइटनेस वाढवला की नंबर वाचता येतोय." करून बघितलं तर खरंच वाचता येत होता. मी ज्याला पेन समजत होते तो हायलायटर होता, म्हणजे अर्धपारदर्शक, त्यामुळे काळ्यावर काळं दिसत असलं तरी खालचे आकडे नी वरची शाई यांच्यात थोडासा फरक उरलेला होता, आणि तेवढा फरक मशीनला पुरतो.

तेव्हापासून मी झाकाझाकी सोडली आणि मजकूर नीट बदलायला शिकले. झाकलेली इमेज तशीही ट्युटोरियलमध्ये वाईटच दिसते, बघणाऱ्याची नजर बटणाकडे जायच्या ऐवजी आधी त्या काळ्या डागावर जाते. पण मजकूर बदलायचा म्हणजे नक्की काय करायचं, इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

स्क्रीनवर जोपर्यंत "Hemant" असं नाव दिसतंय तोपर्यंत ते मजकूर असतं, ॲपला माहीत असतं की हे सहा अक्षरांचं नाव आहे, ह्या फाँटमध्ये, ह्या साइजमध्ये. स्क्रीनशॉट घेतला की ही सगळी माहिती जाते आणि उरतात फक्त रंगीत ठिपके, म्हणजे पिक्सेल. त्यात H नाही, e नाही, काही गडद ठिपके आहेत, काही फिके आणि कडेला मधल्या रंगाचे. हे मधले ठिपके फार महत्त्वाचे. अक्षराची कड गुळगुळीत दिसावी म्हणून सिस्टिम कडेच्या ठिपक्यांना अक्षराचा आणि मागचा असे दोन रंग मिसळून देते, म्हणजे अक्षर मागच्या रंगात थोडंसं विरघळलेलंच असतं. म्हणून नुसतं अक्षर उचलून काढता येत नाही आणि वरून दुसरं लिहिलं की ते चिकटवल्यासारखं दिसतं. म्हणून माझा नियम साधा आहे, मजकूर मजकूर आहे तोवरच बदलून घ्यायचा आणि ठिपक्यांवर हात टाकायचा तो अगदीच नाइलाज असेल तेव्हा.

आणखी एक, आणि ह्यावर मी जरा हट्टी आहे. बदलायचा तो लोकांचा डेटा, ॲपचा चेहरा नाही. नाव, नंबर, ईमेल, पत्ता, फोटो हे खुशाल बदला, पण बटणावरचं लेबल, मेनूतलं नाव, एरर मेसेज ह्याला हात लावायचा नाही, भले त्यात स्पेलिंग चुकलेलं का असेना. शिकणारा माणूस तुमची इमेज शेजारी ठेवून स्वतःच्या स्क्रीनवर तोच शब्द शोधत असतो, तुम्ही तो "सुधारला" तर त्याला तो सापडणारच नाही.

वेब ॲप असेल तर काम पाच मिनिटांचं

ब्राउझरमध्ये चालणारं ॲप असेल तर फोटो एडिटर उघडायचीच गरज नाही. कॉम्प्युटरवर पेज उघडा, F12 दाबा, Console नावाच्या टॅबवर जा आणि ही एक ओळ टाकून एंटर मारा:

```
document.designMode = 'on'
```

आता त्या पेजवर कुठेही क्लिक केलं की वर्ड फाइलसारखा कर्सर येतो, नाव खोडा, नवीन टाइप करा. ब्राउझर ते नाव त्याच फाँटात, त्याच रंगात, त्याच अंतराने स्वतः काढतो, त्यामुळे जोड दिसायचा प्रश्नच येत नाही. हा बदल फक्त तुमच्या स्क्रीनवर असतो, सर्व्हरवर काही जात नाही, पेज रिफ्रेश केलं की सगळं जागच्या जागी. क्रोममध्ये पहिल्यांदा कन्सोलमध्ये काही पेस्ट करायला गेलात तर तो अडवतो आणि allow pasting असं हाताने टाइप करायला सांगतो. अनोळखी माणसाने दिलेला कोड लोकांनी डोळे झाकून टाकू नये म्हणून ती सोय आहे, आपली एक ओळ हातानेच टाइप केलीत तर तो प्रश्नही येत नाही.

दोन ठिकाणी हे अडतं. एक, फॉर्ममधल्या रकान्यात जे लिहिलेलं असतं ते पेजचा मजकूर नसून त्या रकान्यात भरलेली माहिती असते, तिथे designMode ची गरजच नाही, सरळ नेहमीसारखं टाइप करा, फक्त सेव्हचं बटण दाबू नका (मी एकदा दाबलंय, खऱ्या खात्यावरचं नाव बदलून बसले आणि परत बदलायला अर्धा तास गेला). दुसरं, बरीच नवी ॲप्स स्क्रीन सतत स्वतः ताजी करत असतात, तुम्ही नाव बदलता आणि दोन सेकंदात जुनं परत हजर. अशा वेळी आधी डेटा पूर्ण लोड होऊ द्यायचा, मग नेट बंद करायचं आणि मग बदलायचं, बऱ्याचदा एवढ्याने भागतं.

स्क्रीनशॉट पण तिथूनच घ्या. फायरफॉक्सच्या कन्सोलमध्ये हे टाकलं तर साध्या स्क्रीनवर दिसतं त्यापेक्षा दुप्पट बारकाईची इमेज डाउनलोड होते:

```
:screenshot --dpr 2
```

म्हणजे त्यातला छोटासा भाग कापून वापरला तरी अक्षरं फाटत नाहीत. क्रोममध्ये Elements टॅबमध्ये हव्या त्या भागावर राइट क्लिक करून Capture node screenshot निवडलं की फक्त तेवढाच डबा कापून मिळतो.

फोनवर

फोनच्या ॲपमध्ये असा कर्सर घालता येत नाही, म्हणून तिथे मी एक खोटं खातं उघडते आणि खोट्या नावांनी भरते. कंटाळवाणं आहे पण एकदाच करावं लागतं. ईमेलसाठी example.com वापरा, हे डोमेन उदाहरणं देण्यासाठीच राखून ठेवलेलं आहे, कोणाच्याही हातात जात नाही, त्यामुळे उद्या कोणी त्या पत्त्यावर मेल टाकली तरी ती खऱ्या माणसाकडे जायची भीती नाही. फोन नंबरच्या बाबतीत मनाला येईल ते दहा आकडे टाकू नका, तो कोणाचा तरी असू शकतो. उत्तर अमेरिकेत 555-0100 ते 555-0199 हे नंबर काल्पनिक वापरासाठी ठेवलेत, बाकी ठिकाणी मी सरळ शून्यं टाकते, बघताक्षणी कळतं की खोटा आहे.

वरची पट्टी, म्हणजे जिथे वेळ, बॅटरी नि नोटिफिकेशनचे आयकॉन असतात, ती लोक विसरतात. बॅटरी 7 टक्के, वर चार ॲपची चिन्हं, आणि पुढच्या इमेजमध्ये वेळ दीड तासाने मागे. अँड्रॉइडमध्ये ह्यासाठी डेमो मोड असतो, कॉम्प्युटरला फोन जोडून adb ह्या अँड्रॉइडच्या कमांड टूलने ह्या ओळी चालवल्या की पट्टी स्वच्छ:

```
adb shell settings put global sysui_demo_allowed 1
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command enter
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command clock -e hhmm 1000
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command battery -e level 100 -e plugged false
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command notifications -e visible false
```

काम झालं की enter च्या जागी exit घालून दुसरी ओळ परत चालवायची. काही कंपन्यांनी आपापल्या फोनमध्ये सिस्टिम इतकी बदललीय की हे चालत नाही, तिथे डू नॉट डिस्टर्ब लावून, नोटिफिकेशन झाडून, चार्ज पूर्ण करून स्क्रीनशॉट घ्या, किंवा ती पट्टी सरळ कापूनच टाका.

आणि आता नाइलाजाचा भाग

कधीकधी स्क्रीनशॉट दुसऱ्याने पाठवलेला असतो, किंवा ती स्क्रीन परत उघडता येत नाही, मग ठिपक्यांवरच काम करावं लागतं. एक उदाहरण शेवटपर्यंत करून दाखवते, कारण ह्यात गंमत सगळी बारकाव्यात आहे.

क्लासच्या नावनोंदणीचं अँड्रॉइड ॲप, स्क्रीनशॉट 1080 पिक्सेल रुंद. यादीत एक ओळ आहे, डावीकडे गोलात H, शेजारी "Hemant", खाली मोबाइल नंबर. मला इथे खोटं नाव हवंय. मी "Harsha" घेते आणि ते उगाच नाही. पहिलं अक्षर तेच ठेवलं की गोलातलं H बदलावं लागत नाही, यादी अक्षरांच्या क्रमाने असेल तर क्रम बिघडत नाही, आणि अक्षरंही सहाच असल्याने नाव लांबून शेजारच्या आयकॉनवर चढत नाही. ह्याच नावाऐवजी "Ashwini" घेतलं असतं तर एका नावापायी तीन गोष्टी बदलाव्या लागल्या असत्या, आणि एक तरी नक्की विसरले असते.

मी गिंप हा फोटो एडिटर वापरते, फुकट आहे. दुसरं काही वापरत असाल तरी पायऱ्या ह्याच. सगळ्यात आधी मूळ फाइल मागून घ्या, पीएनजी. चॅटवरून नेहमीसारखी आलेली इमेज जेपेग होऊन येते आणि जेपेग इमेजचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबते, त्यामुळे अक्षरांभोवती हलकी धूळ बसल्यासारखं होतं. एरवी ती डोळ्याला दिसत नाही, पण तुम्ही एक नाव पुसून नवीन लिहिलंत की तेवढीच ओळ चकचकीत आणि बाकी यादी धुळकट, लगेच कळतं. पाठवणाऱ्याला सांगायचं, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

आता पुसण्याच्या आधी मोजणी, हा क्रम उलटा करू नका. जुनं नाव आहे तोवरच त्यावरून माप घेता येतं, एकदा पुसलं की गेलं.

अँड्रॉइडवर इंग्रजी अक्षरं बहुतेक ठिकाणी रोबोटो फाँटात असतात (आयफोनवर सॅन फ्रान्सिस्को, विंडोजवर सेगो यूआय). रोबोटोमध्ये कॅपिटल अक्षराची उंची फाँट साइजच्या साधारण 0.71 पट असते. 800 टक्के झूम करून H ची उंची मोजली, 30 पिक्सेल भरली. 30 भागिले 0.71, म्हणजे 42 च्या आसपास. मोजायला H किंवा E असं सपाट डोक्याचं अक्षर घ्यायचं, S किंवा O नको, गोल अक्षरं मुद्दाम एखाद पिक्सेल वरखाली जास्त काढलेली असतात. हा 42 आकडा पटतो का हेही बघता येतं: अँड्रॉइड ॲप ज्या एककात साइज मोजतात त्या एका एककाला 1080 रुंदीच्या बऱ्याच फोनवर 2.625 पिक्सेल पडतात, 42 भागिले 2.625 म्हणजे बरोबर 16, आणि ॲप बनवणारे यादीतल्या नावासाठी 16 हा साइज सर्रास वापरतात. असा गोल आकडा आला की समजायचं माप बरोबर आहे. 15.3 वगैरे काहीतरी आलं तर पुन्हा मोजायचं, किंवा फोनमालकाने अक्षरं मोठी करून ठेवलेली असतील.

पुढची युक्ती माझी सगळ्यात आवडती. नवीन नाव टाइप करायच्या आधी जुनंच नाव टाइप करायचं. रोबोटो, 42 पिक्सेल, रंग लालभडक, लेयरची अपारदर्शकता 50 टक्के, आणि "Hemant" असं लिहून ते लाल नाव मूळ नावावर नेऊन ठेवायचं. बरोबर बसलं की खालचं काळं कुठूनही डोकावत नाही. बसलं नाही तर काय चुकलंय ते तिथेच दिसतं. H जुळलाय, उंची जुळलीय, पण शेवटचा t पाचसात पिक्सेल मागे राहिलाय, तर साइज नाही, अक्षरांमधलं अंतर चुकलंय, ॲपने थोडं जास्त अंतर ठेवलेलं असतं, ते टेक्स्ट टूलच्या ऑप्शनमध्ये वाढवायचं. उंची नि लांबी दोन्ही कमी पडत असतील तर साइज चुकलाय. उंची लांबी दोन्ही बरोबर पण खालचं नाव सगळ्या बाजूंनी जाड डोकावतंय, तर मूळ फाँट मीडियम वजनाचा आहे आणि तुम्ही रेग्युलर घेतलाय. माझ्या ह्या उदाहरणात अंतर दीड पिक्सेलच्या आसपास वाढवल्यावर t जागेवर आला.

हे एकदा जुळलं की ह्या लेयरचं माप धरून ठेवायचं आणि रंगाकडे वळायचं. अक्षराचा रंग काळा नसतो हे आधी डोक्यात घ्या, बहुतेक ॲपमध्ये तो अगदी गडद राखाडी असतो, #212121 सारखा काहीतरी. कलर पिकर घेऊन H च्या उभ्या दांडीच्या मध्यभागी क्लिक करायचं, कडेला नाही, कारण कडेचे ठिपके मिसळलेले असतात हे वर सांगितलंय. दोनतीन ठिकाणी क्लिक करून जो सगळ्यात गडद येईल तो खरा. खालचा नंबर बारीक असेल तर त्याच्या दांडीत शुद्ध रंगाचा एकही ठिपका नसण्याची शक्यता आहे, तेव्हा त्याच स्क्रीनवर त्याच रंगातलं जाड काहीतरी शोधायचं.

आता पुसणं. मागचा भाग पांढरा दिसतोय म्हणून पांढऱ्या ब्रशने पुसायचं नाही. माझ्या इमेजमध्ये तो #F7F8FA निघाला, किंचित निळसर. पांढरा चौकोन माझ्या लॅपटॉपवर सरळ बघितला तर दिसलाही नसता, स्क्रीन जरा तिरकी केली की टिकलीसारखा दिसला असता. म्हणून नावाच्या शेजारचा रंग उचलायचा, नावाच्या चारही बाजूंनी चारपाच पिक्सेल मोकळी जागा धरून चौकोन सिलेक्ट करायचा आणि तो रंग भरायचा. हे नेहमी नव्या लेयरवर करायचं, तो लाल नावाच्या खाली ठेवायचा आणि मूळ इमेज त्याच्याही खाली तशीच राहू द्यायची.

मागचा रंग एकसारखा नसून वरून खाली बदलत जात असेल, वरच्या रंगीत पट्टीत असतो तसा, तर एक रंग भरून चालत नाही. तिथे नावाच्या लगेच शेजारची एक पिक्सेल रुंद उभी पट्टी सिलेक्ट करून कॉपी करायची, पेस्ट करायची आणि आडवी ताणून नावावर पसरायची. प्रत्येक ओळीला तिचा तिचाच रंग मिळतो, जोड राहतच नाही. मागे फोटो असेल तर मात्र हे चालणार नाही, तिथे क्लोन टूल घेऊन बसा किंवा सरळ नवीन स्क्रीनशॉट मिळवा, मी नवीनच मिळवते.

मग मघाच्या लाल लेयरची अपारदर्शकता 100 करायची, रंग #212121 करायचा, "Hemant" खोडून "Harsha" लिहायचं. झालं. H बरोबर जुन्या जागी असतो कारण तुम्ही तो आधीच बसवलेला आहे.

नंबरला हीच पद्धत, आणि रोबोटोमध्ये एक सोय आहे की सगळे आकडे सारख्याच रुंदीचे असतात, त्यामुळे कोणताही आकडा बदलून शून्य टाकला तरी ओळीची लांबी तेवढीच राहते. आयफोनच्या फाँटात 1 अरुंद असतो, तिथे लांबी हलते. उजवीकडे चिकटवलेला आकडा असेल तर तो डावीकडे वाढतो हेही लक्षात ठेवायचं, लोक डावी कड धरून लिहितात आणि उजवीकडची रांग वाकडी होते.

जुन्या विंडोज प्रोग्रामच्या स्क्रीनशॉटमध्ये झूम केलं की अक्षरांच्या कडा तांबूस-निळसर दिसतात, ती अक्षरं धारदार दिसावीत म्हणून केलेली स्क्रीनची करामत आहे. एडिटर तशा कडा काढत नाही, त्याचं अक्षर राखाडी कडेचं येतं, त्यामुळे नवीन शब्द कितीही मापात बसवला तरी वेगळा वाटतो. तिथे मी टाइप करत नाही, त्याच इमेजमध्ये इतरत्र असलेली अक्षरं किंवा आकडे चौकोनासकट उचलून लावते, अर्थात मागचा रंग सारखा असेल तरच.

मराठी मजकूर असेल तर

ॲप मराठीत असेल तर फाँट वेगळा, अँड्रॉइडवर बहुतेक नोटो सान्स देवनागरी, विंडोजवर निर्मला यूआय, आयफोनवर कोहिनूर देवनागरी. कॅपिटलच्या उंचीचं गणित इथे लागू पडत नाही, म्हणून सरळ लाल नावाची युक्ती, साइज एकेक पिक्सेल वाढवत जुळवायचं. सगळ्यात आधी शिरोरेषा जुळवा, तिची जाडी आणि उंची बसली की बाकी बहुतेक बसतंच.

अक्षरं कापून लावायचा मोह मात्र देवनागरीत आवरा. इंग्रजीत a उचलून कुठेही ठेवता येतो, इथे शिरोरेषा सलग असते, वेलांटीची लांबी पुढच्या अक्षराच्या रुंदीप्रमाणे बदलू शकते, आणि "र्य" मधला रफार अक्षराच्या डोक्यावर बसलेला. कापून जोडलेल्या शब्दाची शिरोरेषा एखाद्या ठिपक्याने तुटते आणि डोळा बरोबर तिथेच अडकतो.

फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये अजून एक त्रास, "किरण" टाइप केलं की पहिली वेलांटी क च्या आधी येण्याऐवजी नंतर येते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. इमेज बिघडलेली नसते, मजकूर जुळवणारं इंजिन चुकीचं निवडलेलं असतं. Preferences मध्ये Type खाली दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडायचा आणि नवीन डॉक्युमेंट उघडायचं. गिंपमध्ये हे आपोआप नीट होतं.

जोड दिसतोय का, आणि खाली काही उरलंय का

झालेलं काम तपासायला डोळ्यांवर विसंबू नका, आपण तासभर बघून बघून डोळे मेलेले असतात. लेव्हल्स नावाचं टूल उघडा आणि दोन्ही टोकाचे बाण ओढत कॉन्ट्रास्ट अगदी टोकाला न्या, मागचा रंग एका आकड्याने जरी चुकला असेल तरी चौकोन लख्ख वर येतो. बघून झालं की कॅन्सल करा. माझ्या उदाहरणात नावाचा चौकोन दिसला नाही पण नंबरचा दिसला, कारण त्या ओळीच्या खाली जाणारी एक पिक्सेलची पुसट रेघ मी अर्धी खाल्ली होती.

मग गोष्ट जुळतेय का ते बघायचं. वर "8 पैकी 3" लिहिलंय आणि खाली यादीत चार नावं आहेत का? नाव बदललं पण तळाशी "Hemant यांना मेसेज पाठवला" असं राहिलंय का? दुसऱ्या स्क्रीनवर हीच व्यक्ती वेगळ्या नंबरने येतेय का? हे माझ्याकडून इतक्यांदा झालंय की आता मी एका साध्या नोटमध्ये खोटी माणसं लिहून ठेवलीत, नाव, नंबर, ईमेल, आणि प्रत्येक ट्युटोरियलमध्ये हीच मंडळी येतात.

लेयरची फाइल कोणाला पाठवायची नाही, .xcf असो की .psd, त्यात मूळ नाव खाली जिवंत असतं. एक्सपोर्ट करून पीएनजी द्यायचं, आणि ते नवीन नावाने. हे नवीन नावाचं खूळ का, तर 2023 मध्ये उघड झालं की गूगलच्या पिक्सेल फोनचं मार्कअप टूल आणि विंडोजचं स्निपिंग टूल, दोन्हीत एकसारखी चूक होती: कापलेली छोटी इमेज जुन्या मोठ्या फाइलवर सेव्ह केली की फाइलचं शेपूट तसंच उरायचं, आणि त्या शेपटातून कापलेला भाग काही प्रमाणात परत मिळवता यायचा. अपडेट येऊन ती चूक दुरुस्त झाली, पण तेव्हा टाकलेल्या इमेज ज्या त्या जागी आहेतच.

आणि ज्यांना एवढं सगळं करायचा कंटाळा येतो नि ते नावावर चौकोनी ठिपक्यांचा इफेक्ट मारतात, त्यांच्यासाठी: तो इफेक्ट प्रत्येक चौकोनातल्या रंगांची सरासरी काढतो. फाँट माहीत, साइज माहीत, मग एकेक अक्षर घेऊन त्याची तशीच सरासरी काढून जुळवत जायचं, एवढाच खेळ. 2020 मध्ये Depix नावाचं टूल हेच करून दाखवायला कोणीतरी खुलं ठेवलं. प्रत्येक इमेजवर ते चालतं असं नाही, पण स्क्रीनशॉट हे त्याचं सोपं सावज आहे कारण त्यात अक्षरं हाताची नसून मशीनने काढलेली, एकसारखी असतात. अगदी झाकायचंच असेल तर पूर्ण भरीव एकरंगी चौकोन, तोही पेनने गिरगटून नाही, चौकोनाच्या टूलने.

इमेज लहान करायची असेल तर ती सगळ्यात शेवटी, आणि जमलं तर बरोब्बर अर्धी, 1080 ची 540. आधी लहान करून मग नाव बदलायला गेलात तर अक्षरांच्या कडा आधीच भुरकट झालेल्या असतात आणि मापं 42 वगैरे न येता 21.3 अशी कुठलीतरी येतात. सहा महिन्यांनी ॲपचा अपडेट येईल, बटण दुसरीकडे जाईल, तेव्हा ही जुनी इमेज उघडून त्यात बटण सरकवत बसू नका, नवीन स्क्रीनशॉट घ्या. खोट्या मंडळींची नोट तयार आहेच.